राम रामला उत्तर दिलं, पुढचं वाक्य कोणतं?

बी.कॉम. झाल्यावर मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात चार ठिकाणी काउंटरवर बसले. आधी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र, मग ग्रामीण रुग्णालयात केस पेपरची खिडकी, मग एका शाळेचं कार्यालय. आता महिला बचत गटाच्या ऑनलाइन दुकानाचे संदेश मी पाहते. गावातली मुलंमुली अशा कामाला लागली की मला विचारतात, "ताई, माणूस आला का काय म्हणायचं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला शब्द सोपा आहे. समोरचा जो म्हणेल तोच आपण म्हणायचा. आमच्याकडे सकाळपासून दुपारपर्यंत एकाच खिडकीवर राम राम, जय भीम, जय सेवा, जय गुरु, सलाम, नमस्ते असं सगळं येतं. जय भीमला जय भीम आणि जय सेवेला जय सेवा, राम रामला देतो त्याच आवाजात. एकाला मोकळेपणाने राम राम म्हणून दुसऱ्याच्या जय भीमला नुसती मान हलवली, तर ते त्या माणसाच्याच नव्हे, मागच्या सगळ्या रांगेच्या लक्षात येतं. हे चारही ठिकाणी सारखं आहे. फरक पडतो तो त्यानंतरच्या वाक्यात.

बँकेत माणूस नमस्कारातच काम सांगून टाकतो. "राम राम ताई, पैसे आले का जी?" पीएम किसानचे 2000 असोत की लाडक्या बहिणीचे 1500, प्रश्न हाच. नवीन मुलगा सवयीने म्हणतो, "आले असतील काका." ते बोलणं काका खरं धरतात आणि तेवढ्या भरवशावर खताच्या दुकानात शब्द देऊन बसतात. म्हणून उत्तर असं द्या: "राम राम काका, बसा. अंगठा लावा, पाहून सांगते." पाहिल्यावर आकडा मोठ्याने बोलू नका. आमच्या केंद्राचं टेबल चार फुटांचं आणि रांग त्याला चिकटून. मी सुरुवातीला एका मावशींना हसत म्हटलं होतं, "मावशी, भरपूर जमा झाले की." त्यांच्या मागे त्यांचा दीर उभा होता. मावशींनी पदर सावरला आणि पैसे न काढताच निघून गेल्या. तेव्हापासून मी शिल्लक चिठ्ठीवर लिहून समोर सरकवते. वाचता येत नसेल त्यांना जवळ बोलावून सांगते.

फोनवर बँकेचा नमस्कार आणखी छोटा असावा. केंद्राचं नाव, आपलं नाव आणि "कोणतं काम होतं?" एवढंच. ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर आपण कधीच विचारायचा नाही. आपण एकदा विचारला की उद्या ठगाने विचारल्यावर त्या माणसाला तो बँकेचाच वाटतो. कोणी फसल्याचं सांगत आलं, तर नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावून द्यायचा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तरच तो अडवता येण्याची आशा असते.

रुग्णालयात मला सगळ्यात जास्त शिकावं लागलं, कारण तिथे माझी घरची सवयच आड आली. घरी राम रामनंतर आपण "कसे आहात?" विचारतो आणि समोरचा "बरं हाये जी" म्हणतो. हे रीतीचं उत्तर आहे. ते तोंडातून आपोआप निघतं, आजारी माणसाच्याही. खिडकीवर मी "कसे आहात बाबाजी?" विचारायचे, छातीत दुखणारा म्हातारा "बरं हाये" म्हणायचा आणि मी त्याला रांगेत उभं करायचे. तिथल्या सिस्टरांनी मला दुसरा प्रश्न शिकवला: "कोणाला दाखवायचं आहे?" याला रीतीचं उत्तर नसतं. माणसाला बोट दाखवावंच लागतं, आणि बोट जिकडे जातं तिकडे आपण पाहतो. नाव आणि वय त्यानंतर.

सप्टेंबरमधली एक दुपार सांगते. कापसावर फवारणीचे दिवस होते. पन्नाशीचा एक माणूस खिडकीशी आला आणि शांतपणे म्हणाला, "राम राम मॅडम, एक पेपर द्या जी." मी विचारलं, "राम राम भाऊ, कोणाला दाखवायचं?" त्याने मागच्या बाकड्याकडे हात केला. तिथे विशीतला पोरगा भिंतीला टेकून बसला होता. उकाडा सगळ्यांनाच होता, पण त्याचा शर्ट पाण्यातून काढल्यासारखा होता, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी पेन खाली ठेवला आणि सिस्टरांना हाक मारली. मग त्या माणसाला विचारलं, "फवारणीला गेला होता का? औषधाचा डब्बा कुठे आहे?" डब्बा शेतातच राहिला होता. त्याचा भाऊ मोटरसायकलने जाऊन घेऊन आला. पोराला आत नेऊन अंगावरचे कपडे काढले, साबण-पाण्याने अंग धुतलं आणि डॉक्टरांनी उपचार सुरू केले. केस पेपर मी तो आत गेल्यावर लिहिला. तो वाचला.

भरपूर घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं, श्वास लागणं ही फवारणीच्या औषधाची खूण असू शकते. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात अशा विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. खिडकीवरच्या माणसाने निदान करायचं नाही. ते आपलं काम नाही आणि आपल्याला ते येतही नाही. आपलं काम एवढंच की अशा माणसाला नाव, गाव, आधार विचारत बसवून ठेवायचं नाही. औषधाचा डब्बा मागायचा, कारण त्यावरच्या नावाने डॉक्टरांचा वेळ वाचतो.

तिथे आणखी एक शब्द जपावा लागतो. आपल्यात निघताना माणूस "येतो" म्हणतो आणि आपण "या" म्हणतो. दुकानात हे गोड वाटतं. रुग्णालयात एका आजीला मी सवयीने "या आजी" म्हटलं. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "इथं कायले यू माय?" तेव्हापासून मी "सावकाश जा, गोळ्या जेवल्यावर घ्या" एवढंच म्हणते. परत दाखवायला यायचं असेल, तर वार सांगते: "शुक्रवारी दाखवून जा." वार सांगितला की ते कामाचं बोलणं होतं.

शाळेच्या कार्यालयात घाई नसते, पण लोकांची मजुरी बुडालेली असते. तिथे नमस्काराला उत्तर देऊन आधी बसायला सांगा, कारण काम लांबतं. ओबीसीचं जात प्रमाणपत्र काढणाऱ्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. म्हणून नातवासाठी आजोबांचा दाखला शोधत माणूस येतो, आणि आजोबांनी शाळा कधी सोडली हे त्याला ठाऊक नसतं. "कोणतं साल?" असा प्रश्न टाकला की तो गप्प होतो आणि बाबू म्हणतो, "माहिती घेऊन उद्या या." त्याऐवजी मी विचारायचे, "आजोबांच्या घरात सगळ्यात मोठं कोण होतं? कितवीपर्यंत शिकले?" दोन उत्तरांत पाच-सहा सालांचा पल्ला हाती येतो आणि दाखलखारीज रजिस्टर उघडता येतं. "जात कोणती?" हे मात्र चारचौघांत विचारू नका. "कोणत्या प्रमाणपत्रासाठी पाहिजे?" विचारलं तरी रजिस्टरमध्ये ते दिसतंच. सोबत पोरगं असेल तर त्यालाही नावाने विचारा. आपला नमस्कार बापापुरताच नसतो.

आता ऑनलाइन दुकान. आमचा गट हळद, अंबाडीचं सरबत, लोणचं विकतो आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात. इथे माणूस समोर नाही. तो "Hi" लिहितो, आणि आपण भाकरी थापत असतो तेव्हा पहिलं उत्तर यंत्र देतं. बिझनेस ॲपमध्ये त्यासाठी Greeting message असतो. ग्राहक पहिल्यांदा लिहितो, किंवा 14 दिवस काही बोलणं झालेलं नसताना लिहितो, तेव्हा तो आपोआप जातो. दुकान बंद असतानासाठी Away message वेगळा असतो.

आमचा पहिला मजकूर फार आनंदी होता: "नमस्कार! आपलं स्वागत आहे! आज काय घ्यायला आवडेल?" तीन महिने सगळं ठीक चाललं. मग नागपूरच्या एका काकूंचा संदेश आला. लोणच्याची बरणी प्रवासात फुटली होती आणि तेल त्यांच्या साड्यांवर सांडलं होतं. मागच्या बोलण्याला 14 दिवसांहून जास्त झाले होते, त्यामुळे यंत्राने त्यांना नवीन समजून विचारलं, "आज काय घ्यायला आवडेल?" त्यांनी लिहिलं, "तुम्ही वाचता तरी का?" त्यांची चूक नव्हती. बँकेत मी चेहरा पाहून बोलायचे. यंत्राला चेहरा दिसत नाही, म्हणून त्याच्या तोंडी असंच वाक्य द्यावं लागतं जे तक्रारीलाही चालेल आणि ऑर्डरलाही. आता आमचा मजकूर असा आहे:

"नमस्कार. तुमचा संदेश पोचला. हे उत्तर आपोआप गेलं आहे. सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत आमच्यातली एक जण वाचून स्वतः उत्तर देईल. आधीच्या ऑर्डरबद्दल असेल तर ऑर्डर नंबर किंवा पार्सलचा फोटो पाठवा. आम्ही ओटीपी कधीच मागत नाही."

यात स्वागत नाही, उद्गारचिन्ह नाही, आणि लगेच उत्तर देऊ असं खोटं वचनही नाही. संध्याकाळी 6 नंतर जाणाऱ्या Away message मध्ये आम्ही "उद्या सकाळी 10 नंतर" अशी वेळच लिहिली आहे. ज्या फोनवर हे ॲप आहे तो इंटरनेटला जोडलेला नसेल, तर Away message जात नाही. आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो, म्हणून रात्री तो फोन आम्ही ज्या घरी रेंज टिकते त्या घरी ठेवतो.

आणि तो 14 दिवसांचा हिशोब लक्षात असू द्या. नवव्या दिवशी "Hi" लिहिणाऱ्या ग्राहकाला यंत्राकडून नमस्कार जातच नाही. नवीन मुली म्हणतात, "ॲपने पाठवला असेल," आणि सरळ लिहितात, "ऑर्डर नंबर?" अशा वेळी वर सरकवून मागचं बोलणं वाचा, आणि नमस्कार स्वतःच्या हाताने लिहा: "नमस्कार काकू, हळद मिळाली का?"