पंपाचा वेग बदलताना या चुका टाळा: टाकी उंचावर असेल तर जास्तच

वेग ८० टक्के केला की पाणी ८० टक्के, हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, ६४ टक्के आणि पॉवर ५१ टक्के. हे तीन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, आणि व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, विकणारे तर ते झोपेतही म्हणून दाखवतील. पाणी वेगाच्या प्रमाणात, हेड वर्गाने आणि पॉवर घनाने, या नियमात खोट काहीच नाही, पण तो पंपाचा आहे. तुमच्या पाइपलाइनला तो लागू नाही, आणि पंप किती पाणी देणार हे पंप आणि पाइपलाइन दोघं मिळून ठरवतात. एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे बिघडलेले पंप मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत इतके पाहिलेत, की आता कोणी ‘साहेब, चाळीस हर्ट्झवर ठेवलाय’ म्हटलं की मी आधी टाकीची उंची विचारतो.

चूक पहिली : स्थिर हेड विसरणं

एका टॉवेल प्रोसेसिंग युनिटची गोष्ट सांगतो. जमिनीखालच्या संपमधून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप. संप भरलेला असताना पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाइपच्या तोंडापर्यंत उंची २४ मीटर, हेच स्थिर हेड. ५० हर्ट्झवर पंप तासाला ५० घनमीटर पाणी ३२ मीटर हेडवर द्यायचा, म्हणजे ८ मीटर घर्षणात जात होते. व्हॉल्व्ह बंद करून चालवला तर हेड ४० मीटर, यालाच शटऑफ हेड म्हणतात. ड्राइव्ह बसवणाऱ्याने हिशोब दिला : ४० हर्ट्झवर ठेवा, पाणी ४० घनमीटर आणि वीज निम्मी. मालक खूश.

आता हाच हिशोब नीट करू. वेग ८० टक्के झाल्यावर ‘५० घनमीटर, ३२ मीटर’ हा बिंदू सरकून ‘४० घनमीटर, २०.५ मीटर’ होतो. इथपर्यंत बरोबर. पण टाकीच २४ मीटरवर आहे! २०.५ मीटर हेडचं पाणी तिथं चढणार कसं? तो बिंदू पंपाच्या नव्या कर्व्हवर, म्हणजे प्रवाह आणि हेडच्या आलेखावर, आहे, पण ही पाइपलाइन पंपाला तिथं चालू देणार नाही. नव्या वेगावर शटऑफ हेड ४० गुणिले ०.६४, म्हणजे २५.६ मीटर. टाकीला २४ गेले, घर्षणासाठी आणि प्रवाह वाढताना पंपाचं स्वतःचं हेड उतरतं त्यासाठी उरले जेमतेम १.६ मीटर. तेवढ्यात तासाला सुमारे १६ घनमीटर पाणी चढतं. ४० च्या जागी १६!

पहिल्या दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नाही. पंप चालतोय, अँपिअर कमी दिसतायत, सगळे समाधानी. मग सोलापूरचं पाणी आडवं आलं. नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. संप खाली गेला, पातळी २ मीटरनी उतरली आणि २४ चे २६ मीटर झाले. पंपाकडे होते २५.६. टाकीत थेंब नाही, पंप मात्र सुखाने फिरतोय.

‘फूट व्हॉल्व्हच लीक असणार की ओ,’ असं तिथला फिटर म्हणाला. फूट व्हॉल्व्ह बदलला. प्रायमिंग पुन्हा पुन्हा केलं. टँकर आला, संप भरला की पंप आपोआप ‘सुधारायचा’, त्यामुळे संशय सक्शनवरच पक्का होत गेला. शेवटी एका रात्रपाळीत केसिंगमधलं पाणी फिरून फिरून तापलं आणि मेकॅनिकल सील गेला, तेव्हा मला बोलावलं. गेज बघून ऑपरेटर म्हणाला, ‘प्रेशर तर आहे.’ असणारच. ते गेज पाणी मागे न येऊ देणाऱ्या एनआरव्हीच्या पुढे होतं, म्हणजे उभ्या पाइपात अडकलेल्या पाण्याचं वजन दाखवत होतं. पंप बंद केला तरी काटा हलला नाही.

अशा वेळी ओळख सोपी आहे : केसिंगला हात लावा. पाणी वाहत असेल तर केसिंग पाण्याइतकंच गार राहतं. तापलं असेल तर फूट व्हॉल्व्ह खोलण्याआधी ड्राइव्हचा आकडा वाढवून बघा.

विजेचंही ऐका. ५० हर्ट्झवर शाफ्टला साधारण ६.२ किलोवॅट लागायचे, म्हणजे ५० घनमीटर पाणी एका तासात आणि ६.२ युनिटमध्ये. ४० हर्ट्झवर पॉवर २.४ किलोवॅटच्या आसपास आली खरी, पण पंप त्याच्या चांगल्या कार्यक्षमतेच्या जागेपासून डावीकडे लांब ढकलला गेला. तेवढ्याच पाण्याला तीन तासांच्या वर लागले आणि युनिट पडले साडेसात. मीटर हळू फिरतो म्हणून वीज वाचते असं नसतं. दर घनमीटरला किती युनिट, ते बघा.

माझी सवय सांगतो. कंपनीच्या कर्व्हवरचे चार बिंदू घ्यायचे, शून्य प्रवाहाचा धरून. प्रत्येकाचा प्रवाह वेगाच्या गुणोत्तराने आणि हेड त्याच्या वर्गाने गुणायचं, पेन्सिलने नवा कर्व्ह काढायचा. मग त्याच कागदावर आपल्या पाइपलाइनचा कर्व्ह : सुरुवात शून्यावरून नाही, स्थिर हेडवरून. ५० घनमीटरला घर्षण ८ मीटर असेल तर २५ ला २ मीटर. दोन्ही रेषा छेदतात तिथं पंप चालतो. कर्व्ह हरवला असेल तर डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करून पूर्ण वेगाला काही सेकंद चालवा, पंपाच्या तोंडाजवळच्या गेजवरून शटऑफ काढा आणि संपच्या पाण्यापासून गेजपर्यंतची उंची त्यात मिळवा. मग किमान हर्ट्झ एका ओळीत निघतात :

50 × √(स्थिर हेड ÷ शटऑफ हेड)

इथं संप भरलेला असताना ३८.७ येतात, उतरल्यावर ४०.३. ड्राइव्ह होता बरोबर ४० वर! मी खालची मर्यादा ४५ ला लॉक केली. तिथं संप उतरला तरी तासाला ३१ घनमीटरच्या वर पाणी चढतं. खरं तर मालकाला सांगितलं होतं की नुसती टाकी भरायला ड्राइव्ह लागतच नाही, फ्लोट स्विच लावा आणि पूर्ण वेगाला चालवा. पण ड्राइव्हला पैसे घातलेले असतात, काढवत नाही.

याच कारखान्यात डाइंग मशीनचा सर्क्युलेशन पंप आहे. बंद चक्र, उंची चढायची नाही, सगळं हेड घर्षणाचं. तिथं मात्र ८० टक्के वेगाला खरोखर ८० टक्के प्रवाह आणि साधारण निम्मी पॉवर मिळते. ड्राइव्ह लावायची जागा ती होती.

चूक दुसरी : इंपेलर एकदाच कापून मोकळं होणं

व्यास कमी केला तरी हेच नियम लावतात, पण ते इथं ढोबळ ठरतात. वेग बदलताना पंप तोच राहतो. इंपेलर कापल्यावर केसिंग तेवढंच राहतं, पात्यांची टोकं बदलतात, फट वाढते. त्यामुळे हेड बहुतेक वेळा हिशोबापेक्षा जास्त उतरतं. म्हणून २०० मिमीचा इंपेलर हिशोबाने १८० वर येत असेल तर टर्नरला मी १८५ सांगतो. बसवून मोजायचं, गरज पडली तर पुन्हा कापायचं, आणि बसवण्याआधी बॅलन्सिंग करायचं. ‘दोनदा कोण खोलणार’ म्हणणारे नंतर नवा इंपेलर विकत घेतात. कंपनीने कर्व्हवर दिलेल्या सर्वात लहान व्यासाच्या खाली तर जाऊच नका. प्रवाह व्यासाच्या घनाने बदलतो असं कुठं वाचलं असेल तर तो नियम सगळा पंपच त्या प्रमाणात लहान-मोठा केला तर लागू होतो, कापलेल्या इंपेलरला नाही.

उरलेल्या

५५ हर्ट्झ म्हणजे ‘थोडंसंच जास्त’ नाही, पॉवर ३३ टक्क्यांनी वाढते. मोटरमध्ये तेवढी जागा क्वचितच असते.

वेग वाढवला की सक्शनची मागणीही वाढते. संप खोल असेल तर पंप खडे भरल्यासारखा वाजू लागेल.

झिजलेल्या पंपाला कॅटलॉगचा कर्व्ह लावू नका. आधी आजचं शटऑफ मोजा, मग गुणाकार करा.