शेवेच्या तक्त्यात सगळीकडे बरोबरची खूण? या चुका टाळा

इंदूरच्या सियागंजात माझ्या मावसभावाचा शेवेचा धंदा आहे. ॲमेझॉनकडे ब्रँडची नोंदणी, म्हणजे ब्रँड रजिस्ट्री, झाली तशी त्याने तिथे घाईघाईत A+ Content, म्हणजे मालाच्या पानावरचा चित्रं आणि तक्त्यांचा जास्तीचा मजकूर, चढवलं आणि मला दाखवायला आणलं. तुलनेच्या तक्त्यात चार रकाने होते: रतलामी, लवंग, लसूण आणि बारीक शेव. खाली ओळी होत्या शुद्ध, ताजी, कुरकुरीत, शाकाहारी. सोळाच्या सोळा घरांत बरोबरची खूण!

ही चूक मी इतक्या पानांवर पाहिली आहे की आता राग येतो. चारही रकाने सारखेच दिसले, तर गिऱ्हाईक निवडणार कशावरून? तक्ता म्हणजे जाहिरात नव्हे. दुकानात काउंटरमागचा माणूस "पोह्यांवर हवी की नुसती खायला?" असं विचारतो, तेच काम इथे तक्त्याने करायचं असतं.

ओळी कुठून काढायच्या? मी आधी एक ते तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचते. भावाच्या पानावर तीनच तक्रारी फिरून फिरून येत होत्या: पोह्यांसाठी मागवली तर जाड निघाली, मुलांना तिखट लागली, आणि लसूण आहे हे कळलंच नाही. मग ओळी तशाच केल्या. जाडी: बारीक, मध्यम, जाड. तिखटपणा: सौम्य, मध्यम, झणझणीत. लसूण: आहे, नाही. कशासाठी: पोह्यांवर, चहासोबत. जिथे सगळ्या रकान्यांत एकच उत्तर येतं, ती ओळ मी खोडते. संपलेल्या मालाचा रकानाही काढते, कारण त्यावर टिचकी मारणारा हात हलवत परत जातो.

तक्त्यात दुसऱ्या ब्रँडशी तुलना, किंमत, सवलत किंवा फोन नंबर टाकू नका. नियमात बसत नाही, पान नामंजूर होतं.

ब्रँड स्टोरीत भावाने आजोबांपासूनचा इतिहास एका रुंद चित्रावर बारीक अक्षरांत छापला होता. लॅपटॉपवर छान दिसत होता, फोनवर मात्र मुंग्यांची रांग. चित्रात अक्षरं कोंबू नका, मजकूर मजकुराच्याच जागी लिहा आणि स्वतःच्या फोनवर वाचून पाहा. आजोबांना दोन ओळी पुरतात. लवंग केव्हा आणि किती घालता, हे लिहा. ते वाचून शेव मागवली जाते.

पान बदललं आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन: "ताई, फरक पडला का?" तीन दिवसांत काय कळणार? ॲमेझॉनच्या बिझनेस रिपोर्टमध्ये Unit Session Percentage पाहायचं असतं, म्हणजे पानाला झालेल्या दर शंभर भेटींमागे, म्हणजेच सेशन्समागे, किती नग विकले गेले. ४०० सेशन्समध्ये २४ नग विकले गेले तर ते ६ टक्के. मी किमान चार आठवडे थांबते आणि तेवढ्या काळात किंमत, मुख्य फोटो, कूपन यांना हात लावू देत नाही. भावाने दुसऱ्याच आठवड्यात कूपन लावलं. विक्री वाढली, पण तक्त्यामुळे की कूपनमुळे, हे आजही आम्हाला सांगता येत नाही.