फारसी आठवणी इंग्रजीत नेताना तळटीप, खुलासा की मूळ शब्द? या चुका टाळा

एका इराणी मैत्रिणीच्या आजीने वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी सध्या इंग्रजीत करतेय. गाव हमदान, काळ साधारण 1930 ते 1950, आणि वाचणार कोण तर आजीची परदेशात वाढलेली नातवंडं, ज्यांना फारसी थोडंफार बोलता येतं पण वाचता येत नाही. या कामात ज्या चुका माझ्याकडून झाल्या आणि ज्या मी दुसऱ्यांच्या मसुद्यातही बघते त्या लिहून ठेवते, म्हणजे फारसीवरून काम करणाऱ्या मराठी लोकांना तरी उपयोग होईल.

पहिली चूक : शब्द ओळखीचा वाटला म्हणून पुढे जाणं

मराठीत फारसीतून आलेले शब्द इतके आहेत की आपल्याला खोटा आत्मविश्वास येतो. वहीत एक वाक्य आहे, ‘यल्दाच्या रात्री आम्ही सगळे कोरसीखाली होतो’. यल्दा म्हणजे हिवाळ्यातली सगळ्यात लांब रात्र. कोरसी म्हणजे आपली खुर्ची, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मी पहिल्या मसुद्यात ‘चेअर’ लिहून मोकळी झाले. पण सात माणसं खुर्चीखाली कशी मावतील? तिथे मी थांबले. इराणमध्ये आज खुर्चीला संदली म्हणतात, आणि कोरसी म्हणजे बुटकं लाकडी टेबल, त्याच्याखाली राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी, वरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येणारी भलीमोठी रजई, आणि भोवती गाद्या-लोड टाकून सगळं घर त्या रजईत पाय घालून बसतं, तिथेच जेवतं, तिथेच झोपतं.

‘कहर’चं पण तसंच. मराठीत कहर म्हणजे अतिरेक, पण फारसीत दोन जावा कहर आहेत म्हणजे त्यांचा अबोला आहे. म्हणून माझा नियम असा, की जो शब्द मराठीत पण आहे तो फारसी कोशात आधी बघायचा, अनोळखी शब्द नंतर, कारण अनोळखी शब्द आपण तसेही बघतोच.

दुसरी चूक : सगळ्या शब्दांना एकच औषध

काहीजण सरसकट तळटीपा देतात, काहीजण सगळे फारसी शब्द तिरप्या अक्षरात तसेच ठेवतात आणि मागे शब्दार्थांची यादी जोडतात (ती यादी वाचायला मध्येच कोणी मागे जात नाही, निदान मी ज्यांना मसुदा दिला त्यांच्यातलं कोणी गेलं नाही). मी आता प्रत्येक शब्दाला आधी एकच प्रश्न विचारते, की हा शब्द या पुस्तकात पुन्हा येणार आहे का आणि त्याच्यावर काही घडणार आहे का.

अबोला त्या वहीत दोनदाच येतो आणि इंग्रजीत ‘दे वेअर नॉट स्पीकिंग’ म्हटलं की काम होतं, मग मूळ शब्द कशाला ठेवायचा. कोरसी मात्र तीसेक वेळा येते, तिच्याभोवती भांडणं होतात, लग्नं ठरतात, कोण दारापासून लांबच्या मानाच्या बाजूला बसलं यावरून रुसवे होतात, म्हणून तो शब्द ठेवायलाच हवा. फक्त तो वाचकाला कसा द्यायचा हा खरा प्रश्न.

मी आधी तळटीप दिली होती, चार ओळींची. मैत्रिणीच्या भावाने वाचली आणि म्हणाला, मला कोरसी म्हणजे काय ते कळलं पण ती रात्र गेली. मग तळटीप काढली आणि वाक्य असं केलं, ‘वी पुल्ड द कोरसी क्विल्ट अप टू अवर चिन्स अँड फेल्ट द कोल्स अंडर द टेबल वॉर्मिंग अवर फीट’. रजई, टेबल, निखारे, तिन्ही गोष्टी आल्या आणि व्याख्या कुठेच नाही. पुढे नुसतं कोरसी लिहिलं तरी चालतं, फक्त चाळीसेक पानं शब्द आलाच नसेल तर परत येताना शेगडीचा किंवा रजईचा एखादा उल्लेख हळूच घालायचा.

हे जमलंय का ते तपासायला फारसी अजिबात न येणाऱ्या माणसाला ती तीन पानं द्या, दुसऱ्या दिवशी कोरसी म्हणजे काय ते विचारा. ‘टेबल, खाली शेगडी’ एवढं आलं तर पुरे. ‘काहीतरी पांघरूण’ असं उत्तर आलं तर टेबल वाक्यात नीट उतरलेलं नाही.

तिसरी चूक : पात्राच्या तोंडी खुलासा घालणं

‘नातू, कोरसीत, म्हणजे त्या गरम टेबलाखाली, अजून निखारे घाल’ असं कुठली आजी बोलेल? संवादात खुलासा नको, तो आधीच्या किंवा नंतरच्या निवेदनात ढकला.

तआरोफ, म्हणजे एकमेकांना मान देत आढेवेढे घेण्याची इराणी रीत, तिच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. वहीत आजोबा कापडवाल्याला किंमत विचारतात आणि तो म्हणतो ‘काबेली नदारे’, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत. शब्दशः भाषांतर केलं तर वाचकाला वाटतं कापड फुकट मिळालं, आणि पुढच्याच ओळीत आजोबा पैसे मोजतात, म्हणजे गोंधळ. नुसतं ‘पोलाइटनेस’ लिहिलं तर त्यातली देवाणघेवाण जाते. मी ते बोलणं तसंच ठेवलं, आणि त्याच्यामागे निवेदनात घातलं की आजोबांनी रीतीप्रमाणे परत विचारलं, तिसऱ्यांदा कापडवाल्याने आकडा सांगितला, हा तआरोफ दोघांनाही पाठ होता. शब्द तिथे पहिल्यांदा आला आणि प्रसंगानेच समजावला.

चौथी चूक : जिथे तळटीप खरंच लागते तिथे ती टाळणं

एका पानावर फक्त एवढंच आहे, ‘17 दे 1314 नंतर आई हमामला गेली नाही’. दे हा इराणी महिना, आणि आजीच्या पिढीला या तारखेपुढे काही सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून इराणचा तेव्हाचा राजा रझा शाह याच्या सरकारने चादोरवर, म्हणजे बायका डोक्यावरून अंगभर घ्यायच्या त्या वस्त्रावर, बंदी आणली, रस्त्यावर पोलीस चादोर ओढून काढायचे आणि कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. हे वाक्यात कोंबलं तर आजीचं ते तुटक बोलणं मोडतं, आणि ते तुटकपण मला जपायचंय, म्हणून इथे तळटीप, दोन ओळींची, तारखेसकट.

तारीख बदलताना मात्र सांभाळा. इराणी वर्ष 21 मार्चच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे बहुतेक जण 621 मिळवतात आणि 1935 लिहितात. दे महिना डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीत जातो, म्हणून 17 दे ला 622 मिळवायचे, तारीख येते 8 जानेवारी 1936. उलट शहरिवर 1320, ज्या महिन्यात रझा शाहला गादी सोडावी लागली, तिथे 621 बरोबर, सप्टेंबर 1941. माझ्या मसुद्यात अशा तीन तारखा एक वर्ष मागे गेल्या होत्या आणि मुलांची वयं जुळेनात तेव्हा लक्षात आलं.