मराठी माध्यम, इंग्रजी मुलाखत: प्रोजेक्टच्या उत्तराची तयारी

पूल कॅम्पस असो, वाळूज-शेंद्र्यातली कंपनी असो की पुण्याहून आलेला ऑनलाइन कॉल, फ्रेशरच्या मुलाखतीत प्रोजेक्टचा प्रश्न जवळपास ठरलेलाच असतो. पुढचे बरेच प्रश्न त्या उत्तरातूनच निघतात. म्हणून हाताशी दहा दिवस असतील तर त्यातले सात या एका उत्तराला द्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ला चार वाक्यं पुरतात: नाव, गाव, शिक्षण आणि प्रोजेक्टचा विषय. सुरुवात ‘मायसेल्फ’ने करू नका, ‘आय अ‍ॅम’ने करा.

आधी एक गोष्ट नीट ओळखा. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीतच होती, त्यामुळे सेन्सर, व्हॉल्व्ह, प्रेशर, लोड ही सगळी नामं तुमच्याकडे आहेत. अडतं ते क्रियापदापाशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण आधी सगळा तपशील गोळा करतो. इंग्रजीत तसं केलं की ‘द सेन्सर इन द सॉइल निअर द ड्रिपर...’ इथवर येऊन वाक्य लटकतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे वहीत तुमच्या प्रोजेक्टला लागणारी पंधरा क्रियापदं लिहून काढणं. मेझर, रीड, कनेक्ट, टेस्ट, चेंज, रिप्लेस, फेल, असली साधीच. प्रत्येकासमोर त्याचा भूतकाळ लिहा आणि प्रत्येकावर सहा-सात शब्दांचं एक वाक्य मोठ्याने म्हणा. करणारा आणि क्रिया आधी, बाकी सगळं मागून.

समजा, जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेसाठी ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा प्रोजेक्ट आहे. यंत्रणा कशी चालते ते साध्या वर्तमानकाळात सांगायचं: ‘अ सेन्सर मेझर्स सॉइल मॉइश्चर. द आर्डुइनो रीड्स द व्हॅल्यू. इफ द सॉइल इज ड्राय, द रिले टर्न्स ऑन द व्हॉल्व्ह.’ तुम्ही काय केलंत ते भूतकाळात: ‘आय रोट द कोड. आय टेस्टेड द सेन्सर इन ड्राय अँड वेट सॉइल.’ काळांची एवढी एक विभागणी पक्की ठेवली की व्याकरणाचा मोठा भाग सुटतो. इथे दोन चुका सारख्या होतात. एक, ‘आय डिड टेस्टेड’ असा दुहेरी भूतकाळ. दुसरी, ‘टर्न्ड’, ‘चेंज्ड’ यांचा शेवट गिळणं, त्यामुळे झालेलं काम अजून चालू असल्यासारखं ऐकू येतं. ‘अ’ आणि ‘द’ कुठे हवं याची काळजी मात्र सोडून द्या. ते चुकलं तरी अर्थ बिघडत नाही, आणि तेच शोधत बसल्याने बोलणं अडखळतं.

‘वी’ जपून वापरा. मराठीत ‘आम्ही केलं’ म्हणणं शालीन वाटतं, पण समोरच्याला चौघांच्या गटात तुमचं काम कोणतं तेच कळत नाही. म्हणून यादीत हे वाक्य हवंच: ‘देअर वेअर फोर ऑफ अस. माय पार्ट वॉज कोडिंग अँड टेस्टिंग.’

मग ‘व्हॉट प्रॉब्लेम डिड यू फेस?’ याची तयारी. यावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण काम स्वतः केलंय की विकत आणलंय ते इथेच उघडं पडतं. आपल्या काळ्या जमिनीला सुकल्यावर भेगा पडतात, सेन्सरभोवती पोकळी होते आणि मुळाशी ओल असूनही तो ‘कोरडं’ दाखवतो. ही अडचण तुम्हाला खरोखर आली असेल तर ती चार तुकड्यांत मांडा: काय दिसलं, का झालं, काय केलं, काय उरलं. ‘द रीडिंग वॉज राँग. ब्लॅक सॉइल क्रॅक्स व्हेन इट ड्राइज, सो अ गॅप फॉर्म्ड अराउंड द सेन्सर. वी मूव्हड इट क्लोजर टु द ड्रिपर. वी डिड नॉट टेस्ट इट फॉर अ फुल सीझन.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मर्यादा स्वतःहून सांगितली की पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येतो, आणि त्याचं उत्तर घरूनच तयार करून नेता येतं.

आता आकडे. तयारीत हा भाग हमखास राहतो. मराठीत एकक आधी येतो: त्र्याहत्तर म्हणजे तीन आणि सत्तर. घाईत तोंडातून ‘थर्टी सेव्हन’ निघून जातं. रेझ्युमेतला आणि प्रोजेक्टमधला प्रत्येक आकडा वेगळ्या कागदावर उतरवा आणि उलटसुलट क्रमाने इंग्रजीत वाचा. टक्केवारी, सीजीपीए, व्होल्ट, सेन्सरचं 0 ते 1023 मधलं रीडिंग, सगळं. दशांशानंतरचे अंक सुटे म्हणा. 0.05 ला ‘पॉइंट फाइव’ म्हटलं तर माप दहापट होतं, ‘पॉइंट झिरो फाइव’ म्हणायला हवं. दीड, अडीच, सव्वा यांची रूपंही आधीच ठरवून ठेवा: अडीच बार म्हणजे ‘टू पॉइंट फाइव बार’, सव्वा तास म्हणजे ‘सेव्हंटी फाइव मिनिट्स’.

उत्तर शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेला परिच्छेद मध्येच कुणी अडवलं की पुन्हा पहिल्या शब्दापासूनच सुरू होतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. पाठ करायचाच असेल तर मुद्द्यांचा क्रम करा. तपासायची रीत सोपी आहे: मित्राला किंवा बहिणीला सांगा की कुठेही थांबव आणि ‘व्हाय?’ विचार. तिथूनच पुढे बोलता आलं तर उत्तर तुमचं झालं. रोज एकदा मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि ऐकताना एका वेळी एकच गोष्ट धरा: आज फक्त भूतकाळ, उद्या फक्त आकडे, परवा वाक्यांची लांबी. एका श्वासात न मावणारं वाक्य तोडून दोन करा.

प्रश्न कळला नाही तर गप्प राहू नका आणि अंदाजाने उत्तरही देऊ नका. ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ आणि ‘डू यू मीन द सेन्सर ऑर द व्हॉल्व्ह?’ ही दोन वाक्यं जिभेवर असू द्या. दुसरं जास्त कामाचं आहे, कारण त्यातून विषय समजल्याचंही दिसतं. विचाराला वेळ हवा असेल तर ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’ म्हणून खरंच चार-पाच सेकंद थांबा. अगदीच अडलं तर ‘मे आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?’ असं विचारता येतं. शॉप फ्लोअरच्या जागांसाठी बरेच जण हो म्हणतात, पण ग्राहकांशी बोलण्याची जागा असेल तर ही सवलत धरून चालू नका. परवानगी मिळाली तरी तो भाग संपताच स्वतःहून इंग्रजीवर परत या.

आदल्या संध्याकाळी फक्त रेझ्युमे घेऊन बसा. त्यातल्या प्रत्येक शब्दावर दोन वाक्यं बोलून पाहा. पायथन, ऑटोकॅड, लीडरशिप, जे काही लिहिलंय त्यावर. ज्यावर बोलता येत नाही तो शब्द काढा आणि नवी प्रत छापून न्या. जुनी प्रत आधीच पाठवली असेल तर त्या शब्दासाठी एवढं वाक्य तयार ठेवा: ‘आय नो ओन्ली द बेसिक्स ऑफ इट.’