१० किमीच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाज कसा काढावा

आधी १० किमीची खरी वेळ हवी. गेल्या दीड-दोन महिन्यांतली, नीट मोजलेल्या सपाट मार्गावरची आणि पूर्ण जोर लावून धावलेली. गप्पा मारत धावलेले १० किमी इथे उपयोगाचे नाहीत.

ती वेळ मिनिटांत लिहा आणि स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका. ५५ च्या जागी तुमची वेळ घाला.

```
=55*(42.195/10)^1.06
```

उत्तर येतं २५३ मिनिटं, म्हणजे ४ तास १३ मिनिटं. स्प्रेडशीट नसेल तर वेळेला सरळ ४.६ ने गुणा, तेच उत्तर येईल. सूत्र पीटर रीगल या अमेरिकन इंजिनीअरचं, १९७७ सालचं. त्यातला १.०६ हा घातांक थकव्याचा हिशेब ठेवतो: अंतर दुप्पट झालं की दर किलोमीटरला सुमारे ४ टक्के जास्त वेळ लागतो.

पण इथेच थांबू नका. रीगल यांनी १९८१ च्या लेखात हे नातं साधारण साडेतीन ते २३० मिनिटांच्या शर्यतींपुरतंच मांडलं होतं. २३० ला ४.६ ने भागा: बरोबर ५०. म्हणजे १० किमीला ५० मिनिटांहून जास्त लागत असतील, तर तुमची मॅरेथॉन सूत्राच्या हद्दीबाहेर जाते. आपल्याकडचे बहुतेक हौशी धावपटू याच गटात येतात, आणि त्यांनाच हा आकडा फसवतो. शिवाय १.०६ आला तो विक्रमांच्या वेळांवरून, म्हणजे भरपूर सराव असलेल्यांकडून. आठवड्याला ३०-३५ किमी धावणाऱ्याला १० किमी छान जमतात, पण ३० किमीनंतर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपत येतो आणि वेग कोसळतो. १० किमीच्या वेळेत याचा मागमूसही नसतो.

म्हणून स्वतःचा घातांक काढा. त्यासाठी त्याच हंगामातली हाफ मॅरेथॉन लागते. ५५ मिनिटांवरून सूत्र हाफला २:०१ सांगतं. समजा प्रत्यक्षात २:०५ लागले.

```
=LN(125/55)/LN(21.0975/10)
```

हे येतं १.१०. पहिल्या सूत्रात १.०६ ऐवजी १.१० घाला: ४ तास २८ मिनिटं. घातांकात ०.०४ चा फरक, मॅरेथॉनमध्ये पंधरा मिनिटांचा! दर किलोमीटरला ६:०० ऐवजी ६:२१. माझ्या मते सुरुवातीचा वेग या दुसऱ्या आकड्यावरूनच ठरवावा.

हवामान आणि चढ सूत्राला कळत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय आधीच जड झालेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. डोक्यावर ऊन आणि हवेत दमटपणा असतो. तिथे वर आणखी काही मिनिटं धरावीत.

पडताळणी सरावातच होते. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी ३० किमीच्या लाँग रनमधले शेवटचे १२ किमी ठरवलेल्या वेगाने धावा. वेग तोच असूनही हृदयाचे ठोके सतत चढत गेले आणि शेवटी एक वाक्यही धड बोलता येईना, तर प्रति किलोमीटर १० सेकंद वाढवा.