युक्तिवादाचा नकाशा काढताना या चुका टाळा : आक्षेप नेमका जोडायचा कुठे?

तत्त्वज्ञानाच्या तासाला घेतलेल्या नोंदींवरून युक्तिवादाचा नकाशा, म्हणजे विधानं चौकटींत लिहून कोणतं कशाला आधार देतं हे बाणांनी दाखवणारी आकृती, काढायला बसलं, की आधारविधानं आणि निष्कर्ष साधारण जागेवर बसतात. घोळ होतो तो आक्षेपांचा. वहीत ते एकाखाली एक येतात, म्हणून नकाशातही सगळे एका ओळीत निष्कर्षाला जोडले जातात. विद्यार्थ्यांचे नकाशे तपासताना मला सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच. ईश्वराच्या अस्तित्वासाठी अ‍ॅन्सेल्मने मांडलेला युक्तिवाद घेतला, तर ती फार स्पष्ट दिसते.

समजा, वहीत एवढंच आहे : "अ‍ॅन्सेल्म, ११वं शतक. ईश्वर = ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिता येत नाही. मनात आहे. प्रत्यक्षात असणं अधिक श्रेष्ठ. फक्त मनात असेल तर विसंगती. गौनिलो – बेट. अ‍ॅन्सेल्मचं उत्तर. कांट – अस्तित्व हा गुण नाही."

यातलं "गौनिलो – बेट" हे विधान नव्हे, ते नुसतं शीर्षक आहे. चौकटीत जे लिहाल त्याला "हे खरं आहे" किंवा "हे खोटं आहे" असं म्हणता आलं पाहिजे. "बेट" खरं की खोटं, हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून आधी प्रत्येक नोंदीचं पूर्ण वाक्य करा, बाण त्यानंतर काढा.

वाक्यं केल्यावर युक्तिवाद असा दिसतो. (१) ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिता येत नाही, तो ईश्वर. (२) हे शब्द ऐकणाऱ्याला, अगदी ईश्वर नाकारणाऱ्यालाही, कळतात; म्हणजे ती गोष्ट निदान त्याच्या मनात आहे. (३) जे मनात आहे ते प्रत्यक्षातही असणं, हे नुसतं मनात असण्यापेक्षा श्रेष्ठ. (४) समजा, ती गोष्ट फक्त मनातच आहे. (५) तर मग तिच्याहून श्रेष्ठ काहीतरी कल्पिता येतं. पण हे (१)शी विसंगत आहे. म्हणून ती गोष्ट प्रत्यक्षातही आहे.

इथे पहिला खड्डा आहे तो (४)चा. अनेक जण ती चौकट इतर आधारविधानांच्या शेजारी ठेवतात आणि निष्कर्षाकडे बाण काढतात. मग नकाशा असं सांगू लागतो, की ईश्वर फक्त मनात आहे असं अ‍ॅन्सेल्मच मानतो. प्रत्यक्षात त्याने ते पाडण्यासाठीच धरलं आहे. अशी "समजा"ची चौकट तुटक रेषेने काढावी आणि तिच्यापासून निघालेली पायरी "जर ती फक्त मनात असेल, तर विसंगती येते" अशा जर-तर वाक्यात लिहावी. निष्कर्ष या जर-तर वाक्यावर उभा राहतो, (४)वर नाही. चूक झाली आहे का हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : हे वाक्य वक्त्याला शेवटीही मान्य आहे का? नसेल, तर ते आधारविधान नाही.

दुसरी गोष्ट, (१) आणि (३) यांचे स्वतंत्र बाण काढू नका. (३) झाकून पाहा. नुसत्या व्याख्येवरून काहीच निघत नाही. (१) झाका, तर श्रेष्ठतेबद्दलचं एक सुटं मत उरतं. एक काढल्यावर दुसऱ्याचा आधार शून्य होत असेल, तर दोघांना एका आडव्या रेषेने बांधून त्या रेषेतून एकच बाण काढायचा. हे बारीकसारीक वाटेल, पण पुढे आक्षेप कुठे लागतो हे यावरच ठरतं. बांधलेल्या विधानांपैकी एक पडलं, तर ती अख्खी पायरी पडते.

आता गौनिलो. नोंदींमध्ये तो विरोधक म्हणून येतो, म्हणून नकाशात त्याची चौकट बहुधा "ईश्वर नाही" असं म्हणत निष्कर्षावर जाऊन बसते. पण गौनिलो स्वतः ख्रिस्ती मठवासी होता. ईश्वर आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याची तक्रार या मार्गाने तिथे पोहोचण्याबद्दल होती. त्याचं म्हणणं असं : याच पद्धतीने ज्याहून श्रेष्ठ बेट कल्पिता येत नाही असं बेटही अस्तित्वात आहे, असं सिद्ध करता येईल, पण केवळ कल्पनेवरून असं बेट आहे म्हणणं हास्यास्पद आहे, म्हणून पद्धतीतच काहीतरी चुकलं आहे. कोणतं आधारविधान खोटं आहे हे हा आक्षेप सांगत नाही. म्हणून तो (१)लाही लागत नाही आणि (३)लाही नाही. तो लागतो आधारविधानांकडून निष्कर्षाकडे जाणाऱ्या बाणाला. जोडायचा तर बाणावरच जोडा. वापरत असलेल्या साधनात बाणाला चौकट जोडता येत नसेल, तर "या आधारांवरून हा निष्कर्ष निघतो" अशी वेगळी चौकट करून तिला जोडा.

गौनिलोचा आणखी एक आक्षेप आहे. बेटाच्या प्रसिद्धीत तो नोंदींतून गळतो. त्याचं म्हणणं, शब्द ऐकू आले म्हणजे ती गोष्ट खऱ्या अर्थाने मनात आली असं होत नाही. हा थेट (२)वर लागतो. दोन्ही आक्षेप "गौनिलो" नावाच्या एका चौकटीत कोंबले, तर एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्यालाही मिळाल्यासारखं दिसतं.

कांटची जागा तिसरीच. १७८१ सालच्या त्याच्या ग्रंथातला मुद्दा असा, की "आहे" म्हटल्याने वस्तूच्या कल्पनेत कोणत्याही गुणाची भर पडत नाही. खऱ्या शंभर नाण्यांच्या कल्पनेत नुसत्या शक्य असलेल्या शंभर नाण्यांपेक्षा एकही नाणं जास्त नसतं. हे मान्य केलं तर असण्यामुळे श्रेष्ठता वाढते हे म्हणणं टिकत नाही, म्हणून चौकट (३)वर. मात्र कांटच्या नजरेसमोर मुख्यतः देकार्त आणि लाइबनित्झ यांच्या मांडण्या होत्या. अ‍ॅन्सेल्मच्या नकाशात ही चौकट ठेवताना "व्याख्यानातली जोडणी" असं बाजूला लिहावं, म्हणजे कांटने अ‍ॅन्सेल्मला उत्तर दिलं असा समज होत नाही.

उत्तराच्या बाबतीत हमखास होणारी चूक अशी, की ते निष्कर्षाचा नवा आधार म्हणून काढलं जातं. उत्तर यशस्वी झालं, तर निष्कर्ष आधी जिथे होता तिथेच परत येतो. तो अधिक बळकट होत नाही. म्हणून उत्तराचा बाण आक्षेपाकडे जातो, आणि त्यातही आक्षेपाच्या एका विशिष्ट भागाकडे. गौनिलोच्या आक्षेपाचे दोन भाग पाडा : "हीच पद्धत बेटालाही लागू पडते" आणि "असं बेट आहे म्हणणं हास्यास्पद आहे". अ‍ॅन्सेल्म दुसरा भाग नाकारत नाही. तो पहिला नाकारतो. त्याच्या मते हा युक्तिवाद फक्त ज्याहून श्रेष्ठ काहीच कल्पिता येत नाही त्यालाच लागू पडतो, इतर कशालाही नाही.

आणि इथे नीट काढलेला नकाशा काहीतरी दाखवतो. या उत्तराच्या चौकटीखाली जागा रिकामी राहते. बेटाला लागू का पडत नाही, याचं कारण त्या जागी अ‍ॅन्सेल्म देत नाही; बेटाला लागू करून दाखवा, मग ते हरवलेलं बेट मीच शोधून देईन, एवढं आव्हान देतो. विद्यार्थी ती जागा बहुतेक वेळा "कारण बेटाच्या श्रेष्ठतेला कमाल मर्यादा नसते, आणखी एक झाड लावलं की ते आणखी चांगलं होतं" असं लिहून भरतात. हा मुद्दा चांगला आहे, पण तो विसाव्या शतकात अ‍ॅल्विन प्लँटिंगाने मांडलेला आहे. शिक्षकांनी दोन्ही एका दमात सांगितलं असेल, तर वहीत ते एकाच माणसाचं होऊन बसतं. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव लिहा. प्लँटिंगाची चौकट अ‍ॅन्सेल्मच्या उत्तराखाली आधार म्हणून जोडा, पण तिच्यावर नाव प्लँटिंगाचंच असू द्या.