ऑफर लेटर लिहिताना या चुका टाळा : आकडा, तारीख आणि अटी

ऑफर लेटरवरून पुढे जे वाद होतात, ते बहुधा पत्रात काही राहून गेल्यामुळे होत नाहीत. सगळे पत्रात असते, पण ज्या क्रमाने उमेदवार वाचतो त्या क्रमाने नसते. पगाराचा आकडा ठळक अक्षरांत पहिल्या परिच्छेदात येतो आणि त्या आकड्याला लागू असलेली अट तिसऱ्या पानावर. उमेदवार पहिले पान वाचून राजीनामा देतो, आणि तिसरे पान त्याला नंतर कळते.

एक नमुना पाहू. ‘आपली वरिष्ठ लेखापाल या पदासाठी निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे. आपले वार्षिक पॅकेज 7,20,000 राहील. आपण 1 जूनपासून रुजू व्हावे.’ पुढे कंपनीचा परिचय, गोपनीयता, रजेचे नियम, आणि शेवटी एक वाक्य : ‘सदर नियुक्ती कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन राहील.’ वरवर पाहता यात खोटे काहीच नाही.

उमेदवार मात्र 7,20,000 ला 12 ने भागतो आणि दरमहा 60,000 धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातले 1,20,000 कामगिरीवर अवलंबून आणि वर्षअखेर मिळणारे असतात. निश्चित वेतन 6,00,000, म्हणजे दरमहा 50,000, आणि तेही कर व इतर कपातींपूर्वीचे. पहिला पगार हाती आल्यावर आपली फसवणूक झाली असे त्याला वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. ‘पॅकेज’ हा शब्द बोलताना सोयीचा असला तरी पत्रात त्याने एकट्याने उभे राहू नये. आधी निश्चित मासिक रक्कम कपातीपूर्वीची आहे हे सांगून लिहावी, मग बदलती रक्कम, ती कशावर ठरते आणि कधी दिली जाते ते लिहावे, आणि वार्षिक बेरीज सर्वांत शेवटी द्यावी. बेरीज आधी दिली की वाचणारा तिथेच थांबतो.

दुसरी चूक रुजू होण्याच्या तारखेची, आणि माझ्या मते ती अधिक महागात पडते. वरील पत्र 25 एप्रिलला गेले आहे असे समजू. उमेदवाराच्या सध्याच्या नोकरीत नोटिशीचा काळ 60 दिवसांचा असेल, तर दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला तरी तो 25 जूनच्या सुमारास मोकळा होईल. 1 जून त्याला शक्यच नाही. त्यातच पडताळणीला तीन आठवडे लागणार असतील आणि पत्रात त्याचा उल्लेख नसेल, तर तो पडताळणी पूर्ण होण्याआधीच राजीनामा देतो. पुढे पडताळणीत अडचण निघाली की त्याच्या हाती जुनीही नोकरी राहत नाही आणि नवीही. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी नोटिशीचा काळ विचारून घ्यावा आणि तारखेच्या शेजारीच ती कशावर अवलंबून आहे ते सांगावे.

अटींच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. रुजू होण्यापूर्वी पूर्ण व्हायच्या अटी आणि रुजू झाल्यावर लागू होणाऱ्या अटी एकाच यादीत घातल्या जातात. पदवीची पडताळणी किंवा आधीच्या नोकरीतून कार्यमुक्तीचे पत्र या पहिल्या प्रकारच्या अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर नियुक्तीच होत नाही. परिवीक्षा काळ आणि नोटिशीची मुदत दुसऱ्या प्रकारच्या. पहिल्या प्रकारच्या अटी तारखेला लागून याव्यात, दुसऱ्या त्यानंतर.

तेच पत्र असे लिहिता येईल : ‘आपणांस वरिष्ठ लेखापाल या पदाचा प्रस्ताव देत आहोत, आपण लेखा विभागाच्या व्यवस्थापकांना उत्तरदायी असाल. कपातीपूर्वीचे निश्चित वेतन दरमहा 50,000 राहील. याखेरीज वार्षिक मूल्यमापनानुसार कमाल 1,20,000 इतकी रक्कम वर्षअखेर देय होऊ शकेल. अशा रीतीने वार्षिक वेतन कमाल 7,20,000 होईल. रुजू होण्याची तारीख 1 जुलै असून, त्यापूर्वी आपल्या पदवीची व मागील नोकरीची पडताळणी पूर्ण होणे आवश्यक आहे. ती पूर्ण झाल्याचे आम्ही 20 मेपर्यंत लेखी कळवू. तोपर्यंत कृपया राजीनामा देऊ नये.’

20 मेनंतर राजीनामा दिला तर साठ दिवस 1 जुलैपूर्वी संपत नाहीत, हे इथे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. मसुदा सुधारतानाही ही चूक सहज राहते. तारीख 1 ऑगस्ट करावी किंवा पडताळणी आधी उरकावी. दोहोंपैकी एक केल्याशिवाय पत्र पाठवू नये.

पाठवण्यापूर्वी, मुलाखतीला हजर नसलेल्या सहकाऱ्याला मसुदा एकदाच वाचायला द्यावा आणि पत्र काढून घेऊन विचारावे : पहिल्या महिन्यात कपातीपूर्वी किती मिळतील, आणि राजीनामा कोणत्या दिवशी द्यायचा? तो अडखळला किंवा शेवटचे पान पुन्हा मागू लागला, तर मसुद्याचा क्रम चुकला आहे.